रबर सोल म्हणजे ब्रँड नव्हे

22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या बुटांवर जीएसटी 5 टक्के झाला. हजाराच्या वरच्या जोडीवर तो आधी 18 होता. म्हणजे करासकट 2,400 ला मिळणारी जोडी आता 2,135 च्या आसपास बसायला हवी. तरीही निलंगा परिसरातल्या क्रीडाशिक्षकांच्या पत्रांतली तक्रार जुनीच आहे: तीन दरपत्रके मागवा, सर्वांत कमी दराची घ्या. एका वाचकाने मागणीपत्रात ‘खाली रबर सोल’ एवढेच लिहिले होते. ब्रँड सुचवल्यासारखे होते म्हणून लेखा विभागाने ते खोडले. ‘पांढरे स्पोर्ट शूज’ तेवढे ठेवले. रंगाने काय पळता येते, हे त्या टेबलावरच्यांनाच ठाऊक.

भरतीच्या 1600 मीटरची तयारी करणारा मुलगा डांबरी रस्त्यावर रोज 8 किलोमीटर धरले, तर सुट्या वगळून महिन्याला साधारण 200 किलोमीटर पळतो. सर्वांत कमी दरात येणाऱ्या सहाशेच्या जोडीचा सोल बहुधा पीव्हीसीचा असतो, नाहीतर खाली रबर नसलेला नुसता ईव्हीए. पीव्हीसी जड आणि कडक. उघडा ईव्हीए हलका, पण डांबरावर टाचेकडून झिजतो. दीड महिना गेला तरी खूप. दोन-अडीच हजारांत दाबून घडवलेला ईव्हीए, झिजेच्या जागी रबर आणि बऱ्यापैकी जाळीचा अप्पर मिळतो. तीन-चार महिने निघतात. हिशेब केला तर स्वस्त जोडी किलोमीटरला दोन रुपये आणि मधली तीन-चार. म्हणजे स्वस्त जोडी महाग पडते, असे आकडे म्हणत नाहीत. गोम अशी की दीड महिन्याने ती कोणी टाकत नाही. फोम बसलेला असतो, अप्पर शाबूत दिसतो आणि पोरगा त्यावरच सहा महिने पळतो. मग नडगी धरते.

बारा हजारांच्या वर मात्र पैसे टिकाऊपणाला जात नाहीत. ते हलकेपणाला आणि उसळीला जातात. कार्बन प्लेटच्या शर्यतीच्या जोड्या तर रोजच्या मधल्या जोडीपेक्षा लवकर संपतात. शर्यतीपुरत्या त्या ठीक. रोजच्या सरावाला घेऊ नका.

जुना माल ओळखा. पीयूचा सोल दमट हवेत न वापरताही भुगा होतो, म्हणून खोक्यावरचा निर्मितीचा महिना-वर्ष वाचल्याशिवाय पावती करू नका. फोम बसला का, हे बाजूने पाहा: आडव्या सुरकुत्या पडल्या असतील आणि अंगठ्याने दाबल्यावर दबत नसेल, तर जोडी संपली.

आता वाचकांनो, मागणीपत्र लिहिताना ‘ईव्हीए मिडसोल, रबर आउटसोल, निर्मिती बारा महिन्यांच्या आतली’ हे तीनही शब्दप्रयोग लिहाच. एकाही कंपनीचे नाव त्यात नाही. खोडले तर खोडणाऱ्याची सही घ्या. दरपत्रक जुन्या कराने आले तर परत पाठवा. आणि उद्यापासून प्रत्येक मुलाच्या बुटाच्या जिभेवर बॉलपेनने पहिल्या धावेची तारीख घाला.