हेडफोन बिघडला नव्हता

दिवाळीच्या सुट्टीत भाची फतेगंजला आमच्याकडे राहायला आली. तिनं नवा हेडफोन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मामा, हा बिघडलाय. दुकानदार परत घेत नाही." १८८६ मध्ये मौलाबक्षांनी सुरू केलेल्या बडोद्याच्या संगीत विद्यालयात, म्हणजे आताच्या विद्यापीठाच्या प्रयोगजीवी कला शाखेत, ती गाणं शिकते. ऐकण्यासाठीच तिनं साठवलेल्या पैशातून हा हेडफोन घेतला होता. पण आवाज शेवटपर्यंत वाढवूनही तानपुरा जेमतेम ऐकू येई, आणि खालच्या रस्त्यावरून रिक्षा गेली की तोही बुडे.

तिच्या मैत्रिणीच्या फोनवर मात्र तोच हेडफोन खणखणीत वाजला. म्हणजे हेडफोन धडधाकट. मग दोष फोनचा? तिच्या फोनला मी माझे साधे इअरफोन लावले, तर तेही छान मोठ्यानं वाजले. म्हणजे फोनही ठीक! दोघंही निर्दोष, जमत नाही ती जोडी. मंडळी, तुमच्याकडे अशी तक्रार आली तर आधी या दोनच अदलाबदली करून बघा. निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

खोक्यावर दोन आकडे होते: २५० ओहम आणि ९६ डेसिबल. पहिला इम्पिडन्स, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो ते. दुसऱ्याचा अर्थ, एक मिलिवॉट शक्ती मिळाली की तो ९६ डेसिबल आवाज देतो. आपल्या नेहमीच्या इअरफोनचा इम्पिडन्स ३२ ओहमच्या आसपास असतो. गच्चीवरच्या टाकीसारखं समजा. टाकीची उंची म्हणजे फोनचा व्होल्टेज, नळी म्हणजे हेडफोन. नळी बारीक असेल तर तेवढंच पाणी यायला टाकी जास्त उंच हवी.

टाकी किती उंच आहे, ते मल्टिमीटरनं मोजलं. एका जुन्या तुटक्या केबलचा प्लग फोनमध्ये घातला, आवाज पूर्ण केला, ४०० हर्ट्झचा सलग सूर लावला आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवला. भाचीचा फोन ०.२५ व्होल्ट, मैत्रिणीचा १ व्होल्ट. आता व्होल्टचा वर्ग करून ओहमनं भागा. भाचीच्या फोनवर हेडफोनला पाव मिलिवॉट मिळत होता, म्हणजे जास्तीत जास्त ९० डेसिबल. मैत्रिणीच्या फोनवर चार मिलिवॉट, म्हणजे १०२. ९० कमी वाटत नाही, पण तो सर्वात मोठ्या सुराचा आकडा. संथ आलाप त्याच्या तीसेक डेसिबल खाली असतो, म्हणजे साठ. साठ म्हणजे आपलं साधं बोलणं. रिक्षापुढे ते काय टिकणार?

मग टाकी बुटकी का? भाचीचा फोन दादानं जर्मनीहून आणलेला. कानांच्या रक्षणासाठी युरोपात २०१३ पासून नियम आहे: आवाज ८५ डेसिबलच्या पुढे न्यायचा तर फोन इशारा देतो, आणि १०० च्या वर जाऊच देत नाही. हा हिशेब साध्या इअरफोनसाठी असतो. २५० ओहमच्या हेडफोनला तीच मर्यादा फार खाली पडते.

सेटिंगमध्ये शोधून बघितलं. काही फोनमध्ये Media volume limit आणि आयफोनमध्ये Reduce Loud Audio नावाचं बटण असतं. ते चालू असेल तर बंद करता येतं. इथं ते आधीच बंद होतं, म्हणजे मर्यादा आतच बसवलेली. तेव्हा उपाय एकच: यूएसबी-सीला लावायचा छोटा डॅक. मात्र घेताना तो किती व्होल्ट देतो ते विचारा. एक व्होल्ट तरी हवा, कारण युरोपसाठी बनवलेले काही डॅकही मर्यादित असतात. भाचीनं एक व्होल्टचा घेतला आणि तानपुरा स्वच्छ ऐकू आला.

पण निघताना तिला एक गोष्ट बजावली. त्याच डॅकला चुकून ३२ ओहमचे साधे इअरफोन लावले आणि आवाज तसाच राहिला, तर तीस मिलिवॉटच्या वर शक्ती जाते आणि आवाज ११५ डेसिबलच्या आसपास पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, पण ९० फक्त चारच तास. गाणाऱ्याचे कान एकदा गेले की परत येत नाहीत. म्हणून हेडफोन बदलताना आधी आवाज शून्यावर, मग प्लग, मग हळूहळू वर. भाचीनं तशी चिठ्ठीच डॅकच्या वायरला बांधून ठेवलीय.