वळणावरचा हक्क कोणाचा?

मुख्य रस्त्यावरून आडरस्त्यात वळणारी मोटार आणि त्याच आडरस्त्याच्या तोंडाशी रस्ता ओलांडणारा पादचारी, या दोघांपैकी कोणी थांबायचे? ब्रिटनच्या ‘हायवे कोड’ने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच दिले होते. पादचाऱ्याने ओलांडण्यास प्रारंभ केला असेल, तर अग्रक्रम त्याचा. २९ जानेवारी २०२२ पासून या संहितेत बदल झाला आणि ओलांडण्यासाठी कडेला थांबलेल्यालाही वाट द्यावी, असे चालकांना सांगण्यात आले.

हा बदल वरवर किरकोळ वाटेल. वस्तुतः जुन्या नियमातील दोष अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला चटकन ओळखू यावा असा होता. तेथे हक्क ताब्यावर अवलंबून होता. ज्याने पाऊल टाकले त्याला रस्ता मिळे; ज्याने टाकले नाही त्याला मिळत नसे. चालकाने वेग कमी न करता मोटार वळणावर आणली की पादचारी पाऊलच टाकत नसे आणि मग चालकाकडून नियमभंगही होत नसे! जो धीट, तरुण, पायांनी चपळ, त्याला हक्क मिळे. काठी टेकत उभ्या असलेल्या वृद्धेला तो कागदावरच राही.

तथापि नव्या नियमातील क्रियापदही ‘द्यावी’ असेच आहे, ‘दिलीच पाहिजे’ असे नाही. केवळ हा नियम मोडला म्हणून शिक्षा होत नाही. मात्र १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्याच्या ३८ व्या कलमानुसार खटल्यात वा नुकसानभरपाईच्या दाव्यात हे उल्लंघन चालकाविरुद्ध पुढे करता येते. जर्मनीने वळणाऱ्या चालकावर पादचाऱ्याची दखल घेण्याचे, आणि गरज पडल्यास थांबण्याचे, थेट बंधनच घातले आहे.

नियमाचे यश पुष्कळसे कोपऱ्याच्या आकारावर ठरते, याकडे मात्र वादविवादात फारसे कोणी पाहत नाही. सहा मीटर रुंदीचा आडरस्ता घेऊ. कोपऱ्याची गोलाई एक मीटर त्रिज्येची असेल, तर पदपथावरून कडेपासून मीटरभर आत सरळ रेषेत येणाऱ्याला सहा मीटरच ओलांडावे लागतात. सेकंदाला १.२ मीटर या चालीने पाच सेकंद पुरतात. त्रिज्या सात मीटर केली की रस्त्याचे तोंड फाकते. त्याच सरळ रेषेत आता सुमारे तेरा मीटर भरतात आणि जवळजवळ अकरा सेकंद लागतात.

मोटारीचा वेगही बदलतो. ब्रिटनच्या २००७ च्या ‘मॅन्युअल फॉर स्ट्रीट्स’ या मार्गदर्शिकेने लहान त्रिज्येच्या कोपऱ्यावर ताशी १० ते १५ मैल, तर सात मीटरच्या कोपऱ्यावर २० ते ३० मैल वेग धरला आहे. २० मैलांच्या वेगात मोटार थांबण्यास बारा मीटर लागतात. सात मीटर त्रिज्येच्या वळणाची पूर्ण लांबीच अकरा मीटर आहे. म्हणजे वळायला लागल्यावर पादचारी दिसला, तर थांबण्याची वेळ टळून गेलेली असते. १० मैलांच्या वेगात हेच अंतर सुमारे साडेचार मीटर होते. ज्या अभियंत्याने कोपरा मोठा गोल केला, त्याने नियम वाचण्यापूर्वीच निकाल देऊन टाकला, असे म्हणावे लागते.

डावीकडे वळताना एक अडचण असते. मोटारीच्याच दिशेने चालणाऱ्या पादचाऱ्याची तिच्याकडे पाठ असते. त्याने पाहिलेच असेल, हे गृहीत धरता येत नाही.

उजवे वळण याहून अवघड. ब्रिटनमध्ये आपल्याप्रमाणेच वाहने डावीकडून चालतात. तेव्हा उजवीकडे वळणारा चालक रस्त्याच्या मध्यभागी समोरून येणाऱ्या वाहनांत मोकळीक शोधत थांबतो. त्याचे सारे लक्ष त्या वाहनांकडे असते. मागचा कर्णा वाजवत असतो. मोकळीक दिसताच तो घाईने मोटार काढतो आणि मग आडरस्त्यात निम्म्यावर आलेला पादचारी त्याला दिसतो. चालकाच्या उजव्या हाताचा काचेजवळचा खांब नेमका त्या बाजूचा माणूस झाकतो, हेही एक कारण. आता थांबावे तर मोटार समोरच्या वाहनांच्या वाटेत आडवी. न थांबावे तर माणूस पुढ्यात. असा चालक बहुधा पादचाऱ्यालाच पळायला लावतो.

भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये पहिले बारा महिने मोटार चालवता येते, त्यामुळे पुण्या-मुंबईहून नोकरीनिमित्त गेलेल्यांनाही हा प्रसंग चुकत नाही. मोकळीक शोधण्याआधी आडरस्त्याच्या तोंडाकडे पाहावे लागते, खांबाआडचे दिसावे म्हणून मान थोडी पुढे करावी लागते. तेथे कोणी ओलांडत असेल, तर समोरची मोकळीक कितीही मोठी असली तरी ती त्या चालकाची नसते. पुढची येईपर्यंत रस्त्याच्या मध्येच थांबावे लागते.