‘शून्य फी’ खरंच स्वस्त? दुबईहून पैसे पाठवण्याचा हिशेब

बेळगाव, खानापूर, निपाणीपासून गोव्यापर्यंत आखातातून घरी पैसे येणारी कुटुंबं कमी नाहीत. पगार झाला की तिकडच्या माणसाला एकच प्रश्न पडतो: नेहमीच्या एक्स्चेंजच्या काउंटरवर जायचं, की ‘शून्य फी’ म्हणणाऱ्या अ‍ॅपवरून पाठवायचं?

पाठवणीचा खर्च दोन ठिकाणी असतो. एक पावतीवर दिसणारी फी. दुसरा, बाजारातला दर आणि आपल्याला दिलेला दर यांतला फरक. हा फरक पावतीवर खर्च म्हणून लिहिला जात नाही. त्यामुळे फी नाही म्हणजे खर्च नाही, असं होत नाही.

उदाहरण घेऊ. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. समजा बाजारात एका दिरहॅमला 24 रुपये दर आहे. एक्स्चेंज 23.90 देतं आणि व्हॅट धरून 23 दिरहॅम फी घेतं. अ‍ॅप फी घेत नाही, पण दर 23.60 देतं.

खिशात 1,000 दिरहॅम असतील तर एक्स्चेंजमधून फी वजा जाता 977 दिरहॅमचे सुमारे 23,350 रुपये घरी पोचतात. अ‍ॅपवरून 23,600. म्हणजे अ‍ॅप 250 रुपयांनी बरं.

आता 4,000 दिरहॅम घ्या. एक्स्चेंजमधून सुमारे 95,050 रुपये येतात, अ‍ॅपवरून 94,400. इथे ‘शून्य फी’ साडेसहाशे रुपयांना महाग पडली.

असं का होतं? फी रक्कम कितीही असली तरी 23 दिरहॅमच राहते. दरातला फरक मात्र प्रत्येक दिरहॅममागे कापला जातो. या उदाहरणात दोन्ही मार्ग साधारण 1,830 दिरहॅमला सारखे पडतात. त्याखाली अ‍ॅप, त्यावर एक्स्चेंज. दर आणि फी बदलली की हा आकडाही बदलतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते. ठरावीक फी असेल तिथे दर आठवड्याला हजार-हजार पाठवले तर चार वेळा फी जाते. तेच 4,000 एकदम पाठवले तर तीन फींचे सुमारे 1,650 रुपये वाचतात. घरच्यांना आठवड्याला पैशांची गरज नसेल, तर महिन्यातून एकदाच पाठवणं बरं.

बँकेतून परदेशी चलनातच रक्कम पाठवली, तर मधली बँक वाटेत आपला आकार कापू शकते आणि रुपयांचा दर इकडची बँक लावते. तिथे पाठवतानाचा आकडा आणि खात्यात पडलेला आकडा जुळेलच असं नाही.

म्हणून फी किती, दर किती असं वेगवेगळं विचारत बसू नये. दोन्हीकडे एकाच वेळी, कारण दर दिवसातही हलतो, इतकंच विचारावं: ‘माझ्या हातातून सगळं मिळून एवढे दिरहॅम गेले, तर घरच्या खात्यात नेमके किती रुपये पडतील?’ ज्याचा आकडा मोठा, तो स्वस्त.