आधी पाणी, मग तिकीट

जयपूरची पक्षीसहल आखताना बहुतेक मराठी कुटुंबं मुलांच्या दिवाळीच्या सुट्टीपासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात सांभरच्या पाण्यापासून करायला हवी. दिवाळीच्या सुमारास उत्तरेकडची बदकं येत असली, तरी त्यांचा ओघ अजून भरात नसतो. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हा भरवशाचा काळ, कारण मार्चमध्ये पट्टकदंब परतीला लागतात. पण नुसता महिना बरोबर असून भागत नाही. जयपूरपासून सुमारे ८० किलोमीटरवरचं सांभर हे खारं, उथळ सरोवर मेंढा आणि रूपनगढ या नद्यांवर जगतं, आणि त्या पावसावर अवलंबून. रोहित चोच उलटी बुडवून चिखल-पाणी गाळतो. धाकट्याला सूक्ष्म शेवाळ हवं असतं, थोरल्याला बारीक जलजीव. हे अन्न उथळ पाण्यात मिळतं, आणि पाणी मागे सरलं की थवेही काठापासून दूर जातात. सरोवर झपोकच्या बांधाने विभागलं आहे: पश्चिमेला नैसर्गिक पात्र, पूर्वेला मिठागरं. पश्चिम भाग आटला तर मिठागरांच्या पाण्याकडे पाहावं लागतं. म्हणून तिकीट काढण्याआधी तिथल्या वाटाड्याला ‘रोहित आहेत का’ असं विचारू नये. ‘बांधाच्या कोणत्या बाजूला पाणी आहे’ असं विचारावं.

‘रोहित आणि पट्टकदंब तर आपल्या भिगवणलाही दिसतात, मग एवढ्या लांब कशाला?’ हा आक्षेप रास्त आहे. फक्त तेवढंच पाहायचं असेल तर उजनीचं पाणी पुरेसं आहे. जयपूरला जाण्याचं खरं कारण म्हणजे खारं आणि गोडं पाणी लागोपाठच्या दोन सकाळी ताडून पाहता येतं. टोंक रस्त्याजवळच्या चंदलाई तलावावर थापट्या, तलवार बदक आणि शेतात चरून काठाशी विसावलेले पट्टकदंब अपेक्षित धरावेत. सकाळ मात्र दोन्हीकडे सारखी वापरता येत नाही. जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या आसपास होतो, आणि चंदलाईवर धुकं असलं तर त्यानंतरही बराच वेळ काही दिसत नाही. उलट सांभरच्या उघड्या पात्रावर ऊन चढलं की हवा थरथरू लागते, लांबचे पक्षी वितळल्यासारखे दिसतात आणि दुर्बीण कितीही चांगली असली तरी ओळख पटत नाही. त्यामुळे सांभरसाठी आदली रात्र तिथेच काढावी.

शाळा बुडते, हा दुसरा आक्षेप. दिवाळीलाच जावं लागणार असेल तर जावं, फक्त यादी लहान ठेवावी. काही नावं तर कोणत्याही हिवाळ्यात खोडावी लागतील. भरतपूरचा सायबेरियन क्रौंच २००२ नंतर तिथे आलेला नाही. झालाना जंगलातला नवरंग विणीसाठी पावसाळ्यात येतो, थंडीत तो दक्षिणेकडे असतो. तीन दिवस असतील तर तिसरी सकाळ नव्या जागेला देऊ नये. धुक्यामुळे किंवा अंतरामुळे जिथलं पाहणं अर्धवट राहिलं, त्याच काठावर पुन्हा जावं.