पहिल्याच प्रसंगाचा अभ्यास: 'राजा हरिश्चंद्र'

चौथीच्या मुलांना चित्रपटाचा पहिला प्रसंग एकेक शॉट करून पाहायला द्यायचा असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आजचा चित्रपट घेऊच नका. त्यात कट इतके भराभर येतात की मोजतानाच मुलं दमतात. मी दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) घेते. पहिल्या प्रसंगात राजा रोहिदासाला धनुर्विद्या शिकवतो, तारामती जवळच आहे. मग प्रजाजन राजाला शिकारीला चला म्हणतात.

आधी आवाज बंद करा. चित्रपट मूक आहे, इंटरनेटवरचं संगीत नंतर कुणीतरी जोडलेलं असतं. मुलं त्या संगीतावरूनच 'आनंदाचा सीन' असं लिहून मोकळी होतात. एकदा सलग दाखवा, दुसऱ्यांदा थांबवत थांबवत.

वहीत दोन रकाने: 'काय दिसलं' आणि 'मला काय वाटलं'. गडबड इथेच होते. 'राजाचं मुलावर प्रेम आहे' हे हमखास पहिल्या रकान्यात येतं. मी विचारते, प्रेम दिसलं कुठे? धुळ्याकडची मुलं मग अहिराणीत सांगतात, "राजा पोऱ्याले बाण माराले शिकाडी ऱ्हायना." बरोबर! हे पहिल्या रकान्यात, प्रेम दुसऱ्यात. भाषा अहिराणी असली तरी चालेल, निरीक्षण नेमकं हवं.

पुढचा प्रश्न: कॅमेरा कुठे आहे? माणसं डोक्यापासून पायांपर्यंत दिसतात, म्हणजे तो समोर, थोडा लांब आहे. यात्रेतल्या तमाशाला समोर बसल्यासारखा, असं म्हटलं की मुलांना लगेच कळतं. कॅमेरा जवळ जात नाही, म्हणून आपली नजर कुठे जावी हे माणसांच्या जागा आणि हालचाली ठरवतात. कोण मध्ये आहे, कोण कुणाकडे बघतं, नवीन माणूस कुठून येतो, एवढंच शोधायला सांगा. मजकुराच्या पाटीला शॉटचा क्रमांक देऊ नका, वेगळी खूण करा.

सेकंद मात्र मोजायला लावू नका. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, आणि आजच्या प्रतींचा वेगही सारखा नसतो. एका प्रतीत माणसं पळाल्यासारखी चालतात. 'हा शॉट त्याच्यापेक्षा लांब' एवढं पुरे. शिवाय उरलेली रिळं १९१३ ची की १९१७ च्या नव्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, हे पालकांनीही लक्षात ठेवावं.

तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं, हे शेवटी सांगा. आधी सांगितलं तर वर्ग तेवढंच बघत बसतो!

घरचा अभ्यास एकच: तुम्ही दिग्दर्शक असता तर कॅमेरा कशाच्या जवळ नेला असता? ती एक चौकट काढा. बहुतेक जण दोरीवरची बोटं काढतात. एका मुलीने राजा सोडून तारामतीचे डोळे काढले होते, आणि खाली लिहिलं होतं, "तिला कोणी विचारत नाही."