बोलून लिहिलेला अर्ज सहीआधी वाचा

ग्रामसभेला किंवा तलाठ्याकडे द्यायचा अर्ज आता बरेच जण मोबाईलवर बोलूनच लिहितात. कीबोर्डवरचा माइक दाबायचा, सुरू व्हायचं. मीही लोकांना असेच अर्ज करून देतो. सोय झकास आहे. पण फोन ऐकलेल्या आवाजाला जवळचा, नेहमीचा शब्द बसवतो. त्यामुळे चुकीचा शब्दही शुद्धच दिसतो, खाली लाल रेघ येत नाही.

‘मला न मिळालेल्या नोटिशीबद्दल’ असं बोललात आणि तो एवढासा ‘न’ गळला, तर उरतं ‘मला मिळालेल्या नोटिशीबद्दल’. म्हणजे नोटीस मिळाली हे तुम्हीच लिहून दिलंत! म्हणून वाक्य फिरवून बोला: ‘मला नोटीस मिळालेली नाही.’ इथे ‘नाही’ गळला तर वाक्य अर्धवट राहतं, लगेच लक्षात येतं.

‘पावणेदोन गुंठे’ वगैरे बोलायच्या भानगडीत पडू नका. सातबारा समोर ठेवा आणि क्षेत्र, गट नंबर, आडनाव हातानेच टाका.

मग मोठ्याने वाचा. गळलेला शब्द कानाला खटकतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ मात्र कानाला सारखेच, ते डोळ्यांनीच बघावे लागतात.

अर्ज लिहून देणाऱ्या केंद्रांनी तर सही-अंगठा घेण्याआधी अख्खा अर्ज वाचून दाखवलाच पाहिजे. गर्दी असते, मान्य. पण एका पानाला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला तो ‘न’ गेलेला दुसरीकडे कुठेच कळणार नाही.