सरासरीवर गाड्या चालत नाहीत

आमच्या दूध संघाची वार्षिक दूध वाहतुकीची निविदा सूचना याच आठवड्यात आपल्या दैनिकात आली. मार्ग क्रमांक सहासमोर लिहिले आहे : अकरा संस्था, रोजच्या दोन फेऱ्या मिळून ९२ किलोमीटर, दूध सरासरी १,८०० लिटर. दर प्रतिलिटर मागवला आहे आणि सर्वात कमी दरवाल्याला काम मिळणार आहे.

ही सरासरी कोणत्या महिन्याची? पुष्टकाळात या मार्गावर २,४०० लिटर दूध निघते, एप्रिल-मेमध्ये जेमतेम १,२००. किलोमीटर मात्र बारा महिने तेवढेच. कोणी लिटरला एक रुपया दर भरला असे धरा. पिकअपला रोजचे डिझेल साधारण साडेआठशेचे. थंडीत डिझेल जाऊन दीड हजार उरतात, उन्हाळ्यात साडेतीनशे. त्यात चालकाचा पगार, कॅन चढवणाऱ्या माणसाची मजुरी, टायर आणि गाडीचा हप्ता कसा बसवायचा ते सूचना काढणाऱ्यांनीच दाखवावे.

बसत नाही, म्हणून काय होते ते आम्ही सभासद दर उन्हाळ्यात पाहतो. ठेकेदार संध्याकाळचे दोन मार्ग जोडून एकच गाडी पाठवतो. पहिल्या संस्थेचे दूध गाडीत चढते आणि शीतकरण केंद्रावर पोहोचेपर्यंत चार-पाच तास त्या तापलेल्या कॅनमध्ये राहते. मग ‘आंबट’ असा शेरा पडतो. नुकसान संस्थेच्या नावे, म्हणजे शेवटी दूध घालणाऱ्याच्या बिलातून. ठेकेदाराच्या बिलातून किती कापले, हे वार्षिक सभेत विचारूनही कधी कळलेले नाही.

लबाड ठेकेदार सगळीकडेच असतात, पण इथे सरळ माणसालाही तेच करावे लागते. जो हिशेब नीट मांडतो त्याचा दर वर जातो आणि तो बाद होतो.

उपाय अवघड नाही. गेल्या वर्षीचे महिनावार दूध संघाच्या दप्तरात आहे, ते सूचनेत छापा. दर दोन भागांत मागवा : फेरीचा ठरावीक आकार आणि वर प्रतिलिटर रक्कम. डिझेल वाढले किंवा उतरले तर दर कसा बदलेल, तेही आधीच लिहा. पात्रतेच्या निकषांत गाडीचे वय आणि तीन वर्षांचा अनुभव आहे, पण मागच्या ठेक्यात किती फेऱ्या उशिरा आल्या याचा विचारच नाही.

आणि हो, निविदा अर्जाची किंमत पाच हजार रुपये, तीही परत न मिळणारी! एकच पिकअप असलेला गावातला पोरगा एवढे पैसे कशाच्या भरवशावर घालवणार?

निविदा अजून उघडलेली नाही. संचालक मंडळाने त्याआधी शुद्धिपत्रक काढावे आणि मुदत पंधरा दिवसांनी वाढवावी.

– एक दूध उत्पादक सभासद